शेड मंजुरीचा मेल

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत सूत रंगते, कापड विणले जाते आणि फिनिश होऊन गाठोडी बाहेर पडतात. २० सप्टेंबर २०२४ रोजी इथल्या पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी झाली, तेव्हा हे काम पुढे वाढणारच. पण कापड कोणत्या शेडचे असावे, हे ठरवणारा मर्चंडायझर मुंबईत किंवा बंगळूरूला बसतो आणि त्याचा होकार मेलवर येतो. तो येईपर्यंत सूत रंगायला टाकता येत नाही. मशीन का उभे आहे असे विचारले की रंगखात्यातून ठरलेले उत्तर मिळते, पार्टीचे अप्रूव्हल आलेले नाही. आमचे म्हणणे असे, की या उशिराचा मोठा भाग पार्टीच्या टेबलावर नव्हे, आपण पाठवलेल्या मेलमध्येच तयार होतो.

नेहमी जातो तसा एक मेल नमुन्यासाठी रचून पाहू. विषयाच्या जागी `Re: Re: Order update`. सुरुवातीला मागच्या भेटीबद्दल आभार. मग निळ्या शर्टिंगची तीन लॅब डिप ५ जूनला कुरियरने पाठवल्याची माहिती, त्यातली ब आम्हाला जवळची वाटते हे मत, सुताचा लॉट बदलला आहे त्याची कल्पना, मधल्या आठवड्यात वीज गेल्याने मागची ऑर्डर रेंगाळली याचा खुलासा, मागचे बिल अजून थकले आहे याची आठवण, आणि शेवटी ‘वरील बाबतीत लवकरात लवकर कळवावे’. मेल पाच जणांना आणि प्रत्येक वाक्य खरे. तरीही वाचणाऱ्याला कळत नाही की कळवायचे काय: शेडचे, लॉटचे की बिलाचे? अशा वेळी माणूस सर्वांत सोप्या गोष्टीचे उत्तर देतो. ‘बिल अकाउंट्सकडे पाठवले आहे’ एवढे लिहिले की त्याच्या लेखी मेलचा निकाल लागला. आपल्या लेखी मात्र शेड अजून अधांतरीच असते, आणि दोन दिवसांनी आपण त्याच मेलवर आणखी एक लांब मेल चढवतो.

हा मेल लहान करायचा म्हणजे शब्द छाटत बसायचे, असा समज आहे. त्याने हाती काही लागत नाही, कारण तिन्ही मागण्या तशाच राहतात. आधी समोरच्याने काहीतरी करावे असे जिथे जिथे म्हटले आहे, ती वाक्ये अधोरेखित करावीत. इथे तीन निघतात: शेड मंजूर करा, बदललेला लॉट मान्य करा, बिल द्या. यातल्या कोणत्या उत्तरावाचून मशीन आधी थांबते, ती मागणी या मेलची. लॉटचा मुद्दा वेगळा ठेवायचे कारणच नाही. डिप नव्या लॉटच्या सुतावरच रंगवलेली असतील, तर शेड मंजूर करताना तोही समोर आलाच, अर्ध्या वाक्यात सांगून भागते. बिलाचा मेल अकाउंट्सला वेगळा जाईल. विजेचा खुलासा या निर्णयाला काहीच उपयोगाचा नाही. ‘टू’मध्ये निर्णय घेणारी एकच व्यक्ती ठेवावी, बाकीचे ‘सीसी’त, पाच जणांना विचारलेला प्रश्न पाचही जण दुसऱ्याचा समजतात.

मुदत काढायची ती मशीनवरून मागे मोजत. शुक्रवारी सकाळी सूत भरायचे असेल, तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत होकार हवा, म्हणजे संध्याकाळच्या पाळीत रंगाची रेसिपी तयार ठेवता येते. ‘लवकरात लवकर’ला समोरच्याच्या कॅलेंडरमध्ये जागा नसते, गुरुवार दुपारी तीनला असते. मग मेल असा होतो:

विषय: ऑर्डर ४१२, निळी शेड: अ, ब, क पैकी एक, गुरुवार १२ जून दुपारी ३ पर्यंत

मॅडम, नमस्कार. ५ जूनला पाठवलेल्या लॅब डिपपैकी अ, ब किंवा क यातली एक शेड गुरुवार, १२ जून, दुपारी ३ पर्यंत मंजूर करावी, ही विनंती. तिन्ही नव्या लॉटच्या सुतावर आहेत. आमची शिफारस ब. डी६५ प्रकाशात ती तुमच्या नमुन्याच्या सर्वांत जवळ आहे. टीएल८४ खाली किंचित लाल दिसते. वेळेत मंजुरी मिळाल्यास शुक्रवारी सूत रंगायला टाकू आणि कापड ८ जुलैला निघेल. न मिळाल्यास मशीन दुसऱ्या ऑर्डरला जाईल, आपली पुढची पाळी १७ जूनला येईल आणि कापड १२ जुलैला निघेल. तिन्ही नापसंत असल्यास तसे कळवावे, नवीन डिप पाठवू.

यातले टीएल८४ चे वाक्य कापण्याचा मोह होईल, कारण ते आपल्या शिफारशीच्या विरोधात जाते. ते कापू नये. दिवसाच्या उजेडात जुळलेली शेड दुकानातल्या ट्यूबखाली वेगळी दिसली, तर वाद कापड तयार झाल्यावर उभा राहतो, आणि तेव्हा सूत परत पांढरे होत नाही. निर्णय बदलू शकेल अशी प्रत्येक गोष्ट मेलमध्ये राहिली पाहिजे, मग तो दोन ओळींनी वाढला तरी चालेल. तसेच ‘उत्तर न आल्यास ब मंजूर समजू’ हे वाक्य, कितीही सोयीचे वाटले तरी, शेडच्या बाबतीत कधीही लिहू नये. गप्प राहणे हा होकार नाही, आणि त्या भरवशावर रंगवलेले सूत आपल्याच गळ्यात पडते. मुदत टळल्यावर होणारी गोष्ट आपल्या हातातली आणि सावरता येणारी असावी. मशीनची पाळी सोडणे ही तशी गोष्ट आहे.

काही जण म्हणतील, पुरवठादाराने खरेदीदाराला मुदत घालणे उद्धटपणाचे दिसते. मुदत आपल्या घाईची असेल तर दिसतेच. मशीनची पाळी आणि माल निघण्याची तारीख सोबत असेल, तर ती समोरच्याला त्याच्याच ऑर्डरची माहिती असते, आणि पुढे त्याच्या साहेबाने उशिराचे कारण विचारले तर त्यालाही ती उपयोगी पडते. नमस्कार आणि विनंती ठेवायला दोन शब्द लागतात, आभाराचा परिच्छेद लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: उद्या भांडण झाले तर सगळे लेखी असलेले बरे. लेखी असावेच, पण सापडेल असे असावे. सूक्ष्म व लघु उद्योगांना संरक्षण देणारा २००६ चा एमएसएमईडी कायदा पाहा. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला असे धरले जाते. करारात काहीही लिहिले असले तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. म्हणजे सगळा हिशेब तारखांवर उभा आहे. थकलेल्या बिलाची आठवण शेडच्या मेलमध्ये सहाव्या ओळीला पुरली असेल, तर ती दाखवताना आपलीच दमछाक होते. बिल क्रमांक, माल पोचल्याची तारीख, रक्कम आणि कोणत्या दिवसापर्यंत पैसे हवेत, एवढ्याचा स्वतंत्र मेल असला की तो कोणाही समोर ठेवता येतो. कापडाच्या दोषाबद्दलची तक्रार किंवा तिचे उत्तर असेल, तर तिथे मात्र तपशील लागतोच. त्याची टिपणी जोडपत्र म्हणून लावावी आणि मेलमध्ये मागणी तेवढी ठेवावी.

एवढे करूनही गुरुवारी तीन वाजता उत्तर नसेल, तर आणखी एक मेल लिहू नये. फोन करावा. फोनवर ‘ब करून टाका’ असे मिळाले, तर त्याच मेलवर लिहावे: ‘आत्ताच्या बोलण्याप्रमाणे शेड ब मंजूर, कृपया हो म्हणून कळवावे.’ ते ‘हो’ आले, की सूत भरायला सांगावे.