पाळीआधीची एक वाटी

जवाहरनगरात, आयुध निर्माणीच्या वसाहतीत, बायका जमल्या की पाळीआधीच्या भुकेचा विषय निघतोच. ‘चार दिवस आधीपासून नुसतं खा-खा सुटते, जेवून उठलं की पुन्हा डब्यात हात जातो.’ हे सांगताना प्रत्येकीचा आवाज खाली जातो, जणू काही चोरीच केली आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही भूक खरी आहे. ती जिभेचे चोचले नाही, तिला शरीरात कारण आहे आणि तिचं माप साधारण एका वाटीचं आहे.

अठ्ठावीस दिवसांचं चक्र धरू. चौदाव्या दिवसाच्या आसपास अंडाशयातून अंडं बाहेर पडतं आणि मागे उरलेल्या कोषाचा पीतपिंड होतो. पुढचे बारा-चौदा दिवस हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो. त्याने गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्याजोगं होतं, आणि सोबत शरीराचं तापमानही 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वर जातं. सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, रोज थर्मामीटर लावला तर हा चढ वहीत दिसतो. म्हणजे त्या दिवसांत शरीर आराम करतानाही थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं.

थोडी म्हणजे किती? पंचावन्न किलो वजनाची बाई दिवसभर नुसती पडून राहिली तरी तिला साधारण 1,250 कॅलरी लागतात. त्यात पाच टक्के वाढ झाली तर साठ-बासष्ट कॅलरी, दहा टक्के झाली तर सव्वाशे. आपल्या धानाच्या जिल्ह्यात हे माप भातात सांगितलेलं बरं: शंभर ग्रॅम शिजलेला भात, म्हणजे एक लहान वाटी, साधारण 130 कॅलरींचा. जुन्या, मोजक्या बायकांवरच्या अभ्यासांत ही वाढ मोठी दिसली होती. अलीकडच्या अभ्यासांत ती कमी भरते आणि काहींमध्ये जवळजवळ दिसतच नाही. म्हणून अर्धी ते एक वाटी एवढंच मी म्हणेन.

खाणं मात्र बऱ्याचदा खर्चापेक्षा थोडं जास्त वाढतं. कारण दुसऱ्या संप्रेरकात आहे. ईस्ट्रोजेन भूक आवरून धरतं. अंडं बाहेर पडण्याच्या आधी ते सर्वांत वर असतं, तेव्हा बायका नकळत कमी जेवतात. पाळी जवळ आली की ईस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही उतरतात, आवर सुटतो आणि गोड-तेलकट हवंसं वाटतं. नेमकं काय हवंसं वाटतं, ते मात्र बरंचसं सवयीतून येतं. अमेरिकेत वाढलेल्या बायका चॉकलेट म्हणतात. आपल्याकडे कुणाला चिवडा लागतो, कुणाला गुळाचा खडा.

चूक होते ती इथे. काटा किलोभर वर गेला म्हणून रात्रीचं जेवण टाळायचं आणि मग दहा वाजता फरसाणाचं पाकीट संपवायचं. तो वाढलेला किलो बहुतेक पाण्याचा असतो आणि पाळी सुरू झाली की उतरतो. त्यापेक्षा संध्याकाळी पाच वाजता मूठभर फुटाणे आणि गूळ, किंवा जेवणात भाताबरोबर वाटीभर जास्त वरण घ्यावं. घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईसाठी तर ही वाटी आधीच बाजूला काढून ठेवावी लागेल, कारण ती बसते तेव्हा पातेल्यात खरपुडीच उरलेली असते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये किंवा ज्या महिन्यात अंडं बाहेरच पडत नाही तेव्हा हे गणित लागू होत नाही. मधुमेह असलेल्या काहींची साखर या दिवसांत चढते. त्यांनी ती तपासून मगच खाणं वाढवावं.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. कच्चे तांदूळ चघळणाऱ्या बायका आपल्या भागात कमी नाहीत. सुपात तांदूळ निवडता-निवडता एक चिमूट तोंडात, मग दुसरी, मग पदराला बांधून दुपारभर. ‘पाळी जवळ आली, म्हणून होतं’ असं म्हणून ते सोडून दिलं जातं. पाळीआधीची भूक पाळी आल्यावर एक-दोन दिवसांत ओसरते. तांदूळ, माती, खडू किंवा बर्फ खाण्याची ओढ महिनाभर राहत असेल, तर ती बहुतेकदा लोहाच्या कमतरतेची खूण असते. शिवाय पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर शंका आणखी पक्की. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता.

तेव्हा दोन महिने कॅलेंडरवर खुणा करा: पाळी कधी आली, भूक कधी वाढली, कधी उतरली. भूक पाळीबरोबर उतरत असेल तर ती वाटी निःसंकोच खा. तांदळाची ओढ उतरत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या.