उत्तर समोर छापलेलं, तरी पोरांची गाडी का चुकते?

शिष्यवृत्ती परीक्षा २०२५-२६ पासून पुन्हा चौथी आणि सातवीच्या वर्गांकडे आली. मधली काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती. म्हणजे आता नऊ-दहा वर्षांचं पोरगं महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या पेपरला बसणार. गावोगावी जादा तास सुरू झाले, गाईडं आली. पालकांची सगळी काळजी गणित आणि बुद्धिमत्तेची. भाषेचं काय, मराठी तर घरातच बोलतो, असा सूर. पण गुण हमखास जातात असा एक प्रश्नप्रकार याच भाषेच्या भागात असतो, आणि तो दिसतो सगळ्यात सोपा. सूचना, जाहिरात किंवा वेळापत्रक छापलेलं असतं आणि त्यातला एकच तपशील विचारलेला असतो. तारीख कोणती, किती वाजता, कुठं, किती रुपये. उत्तर पाठ करायचं नाही, सुचायचं नाही. ते तिथंच छापलेलं असतं.

तरी चुकतं. का चुकतं ते कळायला एक प्रश्न पूर्ण सोडवून बघावा लागेल. हे वेळापत्रक सरावासाठी बनवलेलं आहे, स्टँडवर जाऊन कुणी पडताळू नये.

बार्शी ते सोलापूर (वैरागमार्गे)
सुटण्याची वेळ ०६.१५, पोहोचण्याची वेळ ०८.१५
सुटण्याची वेळ ०७.१०, पोहोचण्याची वेळ ०९.१०
सुटण्याची वेळ ०७.४५*, पोहोचण्याची वेळ ०९.४५
सुटण्याची वेळ ०८.३०, पोहोचण्याची वेळ १०.३०
टीप : * ही फेरी रविवारी बंद राहील.

प्रश्न : रविवारी सकाळी दहाच्या आत सोलापूरला पोहोचायचे आहे. बार्शीहून उशिरात उशिरा कितीची गाडी पकडावी लागेल? पर्याय त्याच चार वेळा.

बरोबर उत्तर ०७.१०. पण खरी गंमत बाकीच्या तीन पर्यायांत आहे. ज्या पोरानं ०८.३० लिहिलं, त्यानं 'दहाच्या आत' ही अट सुटण्याच्या वेळेला लावली, पोहोचण्याची वेळ पाहिलीच नाही. ज्यानं ०७.४५ लिहिलं, त्यानं वेळ अचूक शोधली, पण चांदणी आणि खालची टीप सोडून दिली. ज्यानं ०६.१५ लिहिलं, त्याला वरून वाचत येताना पहिली बसणारी गाडी सापडली आणि तो तिथंच थांबला. 'उशिरात उशिरा' हे शब्द त्यानं प्रश्नातच गाळले. तीन चुकीची उत्तरं आणि तीन वेगवेगळी कारणं. तिघांनाही 'नीट वाच रे' एवढंच सांगितलं तर एकालाही फायदा नाही. पहिल्याला रकाना दाखवावा लागतो, दुसऱ्याला टीप आणि तिसऱ्याला प्रश्न.

म्हणून पेपर तपासणाऱ्यानं नुसती फुली मारू नये. पोरानं कुठला चुकीचा पर्याय निवडला ते बघावं. प्रश्न चांगला बनवलेला असेल तर चुकीचा पर्यायच दुखणं सांगतो.

आता वेळेचा हिशोब. या परीक्षेच्या पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न, आणि वेळ ९० मिनिटं, अशी रचना चालत आली आहे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट बारा सेकंद. गणिताला जास्त वेळ लागतो, तो भाषेतूनच वाचवावा लागतो. त्यामुळं जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मालकाच्या नावासकट, एका चालीत वाचत बसणं परवडत नाही. इथं दोन वेगळी कामं आहेत. पहिलं म्हणजे कागदावर नजर फिरवून हा कागद कशाचा आहे, वेळा कुठं, पैसे कुठं, टीप कुठं, हे ओळखणं. याला दहा सेकंद पुरतात. दुसरं म्हणजे प्रश्न वाचून, त्यातली अट धरून, नेमकी ती जागा हुडकणं. बाजारात गेलेला माणूस आधी एक चक्कर टाकून येतो, मग हव्या त्या पालावर जाऊन भाव विचारतो, तसंच हे. बहुतेक पोरं चक्कर न टाकता पहिल्याच पालावर पिशवी उघडतात.

मराठी कागदाची एक खोड इथं लक्षात घ्यायला हवी. आपल्या भाषेत अट उलटवणारा शब्द नामाच्या मागून येतो. 'रविवार व सुट्टीचे दिवस वगळून', 'अमावास्या सोडून', 'मूळ कागदपत्रांव्यतिरिक्त'. पोराची नजर 'रविवार' या शब्दावर टेकते, प्रश्नातही 'रविवार' असतो, दोन्ही जुळले की पेन चालतं. 'वगळून' पुढं राहिलेलं असतं, कधी कधी तर खालच्या ओळीत गेलेलं असतं. म्हणून शब्द सापडला की त्याच्या पुढचे दोन-तीन शब्द वाचायची सवय लावावी लागते. ही एवढी एक सवय लागली तरी यातल्या बऱ्याच चुका कमी होतात.

दुसरा असाच शब्द 'पर्यंत'. जाहिरातीत 'ठिबक संचावर ३० टक्क्यांपर्यंत सूट' असं असेल आणि प्रश्न आला की प्रत्येक संचावर किती सूट मिळेल, तर पोरं ३० टक्के लिहून मोकळी होतात. जाहिरातीनं तसं म्हटलेलंच नाही. जास्तीत जास्त ३० म्हटलंय, एखाद्या संचावर ५ पण असेल. 'पासून'चंही तेच. '४५० रुपयांपासून पुढे' म्हणजे सगळ्यात स्वस्त वस्तू ४५० ची. मोठी माणसंही दुकानात जाऊन भांडतात ती या दोन शब्दांवरूनच, पोरांना काय बोल लावायचा.

आणि घड्याळ. एसटीच्या फलकावर चोवीस तासांची वेळ असते. १६.०५ ची गाडी म्हटली की काही पोरं पुढचा एक उडवून 'सायंकाळी सहा वाजून पाच' लिहितात. वजा करायचे असतात बारा, हे पोर वजा करतं दहा. बरोबर उत्तर दुपारी चार वाजून पाच. ही चूक वाचनाची नाही, पण वाचनाच्या प्रश्नात येते आणि शिक्षक तिला वाचनाची चूक समजून पुन्हा उतारा वाचायला लावतात.

गाईडांतल्या प्रश्नांबद्दलही बोललं पाहिजे. बऱ्याच सराव पुस्तकांत प्रश्नातला शब्द जशाच्या तसा जाहिरातीत असतो. जाहिरातीत 'स्थळ : बाजार समिती आवार', प्रश्न 'स्थळ कोणते?'. यात वाचावं लागतच नाही, चित्र जुळवल्यासारखं शब्द जुळवला की झालं. अर्थ न कळताही गुण मिळतात आणि पालक खूश. मग खऱ्या पेपरात 'हा कार्यक्रम कुठे होणार आहे?' असं विचारलं की गडबड होते. चांगला प्रश्न शब्द बदलून विचारतो, आणि कागदावर एकाच जातीच्या दोन-तीन गोष्टी ठेवतो. समजा सूचनेत तीन तारखा आहेत. सूचना काढल्याची, अर्ज स्वीकारण्याची शेवटची आणि मुलाखतीची. प्रश्न असा की 'कोणत्या तारखेनंतर अर्ज घेतला जाणार नाही?'. इथं 'शेवटची' हा शब्द प्रश्नात नाही, तरी उत्तर तेच. हे ज्याला जमलं त्याला कागद कळला.

प्रश्न फक्त शिष्यवृत्तीचा नाही. 'असर'नं २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचायला दिल्या होत्या आणि त्यावर चार प्रश्न विचारले होते. ज्यांना किमान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, अशांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनीच चारपैकी तीन किंवा जास्त उत्तरं बरोबर दिली. म्हणजे दर तीन वाचणाऱ्यांत एकाला पाकिटावरची सूचना पुरती लागू करता आली नाही. त्याच अहवालात असंही निघालं की या वयाच्या साधारण चौथा भाग मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही. या दोन अडचणी एकात एक मिसळू नयेत. एक पोर अक्षरालाच अडखळतं. दुसरं घडाघडा वाचतं, पण हवं ते हुडकू शकत नाही. दोघांचाही पेपर सारखाच चुकलेला दिसतो.

फरक ओळखायची साधी रीत आहे आणि तिला खर्च शून्य. उत्तर विचारून झालं की पोराला सांगायचं, हे कुठून काढलंस तिथं बोट ठेव. बोट बरोबर ओळीवर गेलं पण उत्तर चुकलं, तर अट सुटलीय किंवा आकडा वाचायला चुकलाय. बोट भलत्याच ओळीवर गेलं तर प्रश्न कळला नाही. बोट कुठंच गेलं नाही तर अंदाजानं ठोकलंय. आणि ती ओळ मोठ्यानं वाचायला लावल्यावर अडखळला, तर आधी वाचनच घ्यावं लागेल. जाहिरात-वेळापत्रकं नंतर.

सरावाला गाईडच लागतं असंही नाही. बाजार समितीच्या सूचनेचा नमुना घ्या. 'कांदा लिलाव सोमवार ते शनिवार. अमावास्येस लिलाव बंद. सकाळी ९ पर्यंत आलेल्या वाहनांचाच त्या दिवशी लिलाव होईल.' आता विचारा की मंगळवारी अमावास्या आहे आणि सोमवारी साडेनऊला ट्रॅक्टर आवारात पोहोचला, तर कांद्याचा लिलाव कधी होईल? सोमवारची वेळ टळली, मंगळवार बंद, म्हणून बुधवार. हा प्रश्न एका तपशिलाचाच आहे, पण तीन ओळी एकमेकींना लावल्याशिवाय तो सुटत नाही. चौथीच्या पोराला जरा जड जाईल. सातवीच्याला जमायला पाहिजे. आणि बापाला तर जमायलाच पाहिजे, नाहीतर दोन रात्री ट्रॅक्टरखाली झोपावं लागतं.

या प्रश्नांची हद्दही सांगायला हवी. वेळापत्रकात गाडी अचूक शोधणारं पोर गोष्ट वाचून तिच्यातल्या माणसाला वाईट का वाटलं ते सांगेलच, असं नाही. ते वेगळं वाचन आहे आणि त्याला निवांतपणा लागतो. काही शाळांत आता उलटं होताना दिसतं. परीक्षेच्या नादात धडासुद्धा पोरं प्रश्न आधी बघून, उत्तरापुरता हुडकून वाचतात, बाकीचा धडा तसाच राहतो. जाहिरातीला जी रीत लागू आहे ती धड्याला लावली तर धडा वाया जातो.

जादा तासाला पोरांना पाठवणाऱ्या पालकांनी एवढं जरूर विचारावं की सराव पेपर तपासताना नुसते गुण टाकतात, की चुकलेल्या प्रश्नात कुठला पर्याय निवडला तेही बघतात. पेपर घरी आला असेल तर हे काम पालकालाही करता येईल. त्यासाठी बारावी लागत नाही, एसटीचा फलक वाचता आला म्हणजे झालं.