‘सर्व’ला किती शब्द द्यावेत?

शाहिरामागे उभे राहणारे झीलकरी हातात कागद घेत नाहीत. शाहिराची ओळ कुठे पडणार हे त्यांना कानाने कळतं आणि ‘जी जी’ बरोबर ठिकाणी येतं. परदेशातल्या मराठी ख्रिस्ती उपासनेत मात्र मंडळीच्या हातात पत्रिका असते, त्यावर ‘पुढारी’ आणि ‘सर्व’ असं छापलेलं असतं, आणि तरीही उत्तर फाटतं. पुढची रांग वाक्य संपवते तेव्हा मागची अजून मध्यावर असते. दोष सहसा वाचणाऱ्यांना दिला जातो. खरं तर तो लिहिणाऱ्याचा असतो.

उपकारस्मरणाच्या उपासनेसाठी लिहिला जातो तसा एक नमुना पाहू:

पुढारी: हे प्रभो, तू आम्हाला या दूर देशात सुखरूप आणलेस,
सर्व: आणि आमच्या मुलाबाळांना शिक्षण, नोकरी व आरोग्य देऊन आमच्यावर आपल्या कृपेचा वर्षाव केलास, म्हणून आम्ही कृतज्ञ आहोत.

उत्तर 17 शब्दांचं आहे आणि ते एका दमात होत नाही. कोणी ‘आरोग्य देऊन’पाशी श्वास घेतो, कोणी ‘केलास’पाशी, आणि तिथेच आवाज विस्कटतो. शिवाय हा एकच परिच्छेद मधून कापून दोघांना वाटलेला आहे. मंडळी उत्तर देत नाही, पुढाऱ्याचं अर्धवट वाक्य पुरं करते. तेच असं लिहिता येतं:

पुढारी: या दूर देशात सुखरूप आणलंस, त्याबद्दल
सर्व: प्रभो, आम्ही तुझे आभार मानतो.
पुढारी: मुलांना शाळा दिलीस, आम्हाला काम दिलंस, त्याबद्दल
सर्व: प्रभो, आम्ही तुझे आभार मानतो.

इथे मराठीचा स्वभावच मदतीला येतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘त्याबद्दल’पाशी थांबलेली ओळ कानाला अधांतरी वाटते आणि उत्तर आपसूक मागते. पुढाऱ्याची प्रत्येक ओळ याच शब्दाने संपली की तिसऱ्या ओळीपासून लोक कागदावरून मान वर काढतात.

तेच तेच म्हणणं कंटाळवाणं होतं, असा आक्षेप नेहमी येतो. पण 136व्या स्तोत्रात 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाचा उत्तरार्ध एकच आहे. नवं काही ऐकवायचं काम पुढाऱ्याच्या ओळींचं. उत्तर बदलायचंच असेल तर एकदाच बदलावं आणि पुढाऱ्याचा खुणेचा शब्दही तिथेच बदलावा: ‘त्याबद्दल’च्या जागी ‘त्यांच्यासाठी’ आला की पुढे ‘प्रभो, आमची विनंती ऐक’.

मराठीत लिहिताना दोन ठेचा हमखास लागतात. पहिली ‘आपण’ची. ‘आपण प्रार्थना करू या’ हे पुढारी मंडळीला म्हणतो, ते योग्यच. पण ‘हे देवा, आपण चुकलो’ असं छापलं, तर चुकणाऱ्यांत देवही येऊन बसतो. देवाशी बोलताना ‘आम्ही’च हवं. दुसरी ठेच पापांगीकाराच्या वेळी लागते. ‘मी कबूल करतो’ असं छापलं की निम्मी मंडळी मनातल्या मनात ‘करते’ करू लागते आणि अडखळते. ‘मी कबूल करतो/करते’ हा तिरक्या रेषेचा उपाय कागदावर चालतो, तोंडात नाही. ‘आम्ही कबूल करतो’ म्हटलं की स्त्री-पुरुष दोघांचं काम एका रूपात होतं.

आता छपाई. चर्च ऑफ इंग्लंडच्या 2000 सालच्या ‘कॉमन वर्शिप’मध्ये मंडळीचे शब्द ठळक टाइपात आहेत, आणि ही रीत आपणही उचलावी. तिरपा टाइप देवनागरीला शोभत नाही आणि लांबून वेगळा ओळखूही येत नाही. रंगीत अक्षरं काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये फिकी पडतात. मात्र ठळक देवनागरी बारीक आकारात छापली की जोडाक्षरांच्या पोटातली पांढरी जागा बुजते. म्हणून टाइप 14 पॉइंटचा ठेवावा आणि मजकूर मावत नसेल तर आकार कमी करण्यापेक्षा दोन ओळी गाळाव्यात. पुढाऱ्याची ओळ एका पानाच्या तळाशी आणि उत्तर पान उलटल्यावर, असं कधीही होऊ देऊ नये. ती दोन सेकंदांची सळसळच उत्तर मोडते.

इथे वाढलेल्या मुलांसाठी काही ठिकाणी सगळा मजकूर रोमन लिपीतही देतात. त्याने पत्रिका दुप्पट होते आणि डोळा चुकतो. पुढाऱ्याच्या ओळी मुलांना फक्त ऐकायच्या असतात. त्यामुळे ‘सर्व’च्या ओळींखाली तेवढं रोमन लिप्यंतर दिलं तरी पुरतं, आणि उत्तर एकच असेल तर ते पहिल्या वेळेपुरतंच.

नाताळच्या उपासनेची पत्रिका आता लिहिली जाईल. छापायला देण्याआधी समितीबाहेरच्या चौघांना, त्यांत एखादी आजी आणि एखादा शाळकरी मुलगा असू द्या, ती मोठ्याने वाचायला द्यावी. चौघं जिथे एकत्र थांबत नाहीत ती ओळ पुन्हा लिहावी.