कॉन्सुलला अटक, डिप्लोमॅटला विमान

परदेशी वकिलातीतल्या माणसाने गुन्हा केला तरी पोलीस त्याला हात लावत नाहीत, असं आपण ऐकतो. मग २०१३मध्ये न्यूयॉर्कला आपल्या देवयानी खोब्रागडे यांना अटक कशी झाली? आणि २०१५मध्ये गुडगावच्या प्रकरणातला सौदी अधिकारी भारतातून निघून कसा गेला? दोन्ही प्रकरणं घरात कामाला ठेवलेल्या बायकांची होती, म्हणून मला ती शेजारी ठेवून बघावीशी वाटली.

फरक आहे तो हुद्द्याचा. वकिलात असते राजधानीत. तिथला डिप्लोमॅट आपल्या सरकारच्या वतीने दुसऱ्या सरकारशी बोलतो. कॉन्सुलेट मात्र मुंबईसारख्या शहरात असतं आणि व्हिसा, पासपोर्ट, व्यापार ही कामं बघतं. डिप्लोमॅटसाठी १९६१चा व्हिएन्ना करार आहे, कॉन्सुलसाठी १९६३चा. डिप्लोमॅटला अटक नाही, फौजदारी खटला नाही, त्याच्या घरात पोलिसांनी शिरायचं नाही, साक्षीलाही ओढायचं नाही. सोबत राहणाऱ्या बायको-मुलांनाही, ती त्या देशाची नागरिक नसतील तर, हेच संरक्षण. कॉन्सुलला मात्र ते फक्त कचेरीच्या कामापुरतं. गंभीर गुन्हा असेल आणि न्यायालयाने तसा आदेश दिला असेल तर त्याला अटक होऊ शकते.

मूळच्या महाराष्ट्रातल्या खोब्रागडे न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटमध्ये उप-कॉन्सुल जनरल होत्या. आरोप असा, की भारतातून नेलेल्या मोलकरणीच्या व्हिसासाठी तासाला पावणेदहा डॉलर पगार दाखवला आणि दुसरा करार केला महिन्याला तीस हजार रुपयांचा. त्यांनी आरोप नाकारला. १२ डिसेंबर २०१३ला त्यांना अटक झाली, अंगझडतीही घेतली गेली. भारतात त्यावर मोठा संताप उसळला. पण घरात मोलकरीण ठेवणं हे काही कचेरीचं काम नव्हे, असं अमेरिकेचं म्हणणं होतं.

पुढे जे झालं ते नीट बघा. भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयात केली. ८ जानेवारी २०१४ला त्यांना डिप्लोमॅटचं पूर्ण संरक्षण मिळालं. अमेरिकेने ते काढून घ्या म्हटलं, भारताने नकार दिला. ९ तारखेला आरोपपत्र आलं आणि त्या मायदेशी निघाल्या. मार्चमध्ये न्यायाधीशांनी ते आरोपपत्र रद्द केलं. का? तर ९ तारखेला त्यांना पूर्ण संरक्षण होतं. पण दोनच दिवसांनी सरकारी वकिलांनी नवं आरोपपत्र दाखल केलं, कारण आता त्या हुद्द्यावर नव्हत्या. म्हणजे बाई तीच, आरोप तोच, हुद्दा बदलला की कायद्याचा हात कधी पोचतो, कधी थांबतो.

आता गुडगाव. सप्टेंबर २०१५मध्ये पोलिसांनी एका फ्लॅटमधून दोन नेपाळी स्त्रियांची सुटका केली. कोंडून ठेवल्याची आणि बलात्काराची तक्रार होती. पण तो अधिकारी वकिलातीतला, म्हणजे डिप्लोमॅट. अटक झाली नाही आणि थोड्याच दिवसांत तो देश सोडून गेला.

मग अशा बाईने करायचं काय? तक्रार मात्र नोंदवायचीच, कारण संरक्षण असलं तरी कायदा मोडायची मुभा कुणालाच नसते. त्या कागदाच्या आधारावर सरकार त्याच्या देशाला संरक्षण काढून घ्यायला सांगू शकतं. तो हक्क त्या देशाचा, अधिकाऱ्याचा स्वतःचा नव्हे. देशाने नकार दिला तर त्याला ‘नकोसा’ ठरवून परत पाठवता येतं, कारण न सांगताही. त्याच्या मायदेशी खटला भरता येतो, पण ते त्या सरकारच्या मनावर. आणि हुद्दा संपून तो देश सोडून गेला, की खासगी कृत्यांचं संरक्षणही संपतं. तो पुन्हा त्या देशात आला तर अटक होऊ शकते. अडचण एवढीच, की तो येतो कशाला!

नुकसानभरपाईची एक वाट अलीकडे थोडी उघडली आहे. लंडनमध्ये एका सौदी डिप्लोमॅटच्या घरी राबणाऱ्या फिलिपिनो बाईची तक्रार होती, की तिला कचरा टाकण्यापुरतंच बाहेर जाऊ देत आणि पगार देत नसत. जुलै २०२२मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की हे आरोप खरे असतील तर असं राबवून घेणं म्हणजे फायद्याचा धंदाच, आणि धंद्याच्या दाव्यात डिप्लोमॅटला संरक्षण नाही. हा निकाल भरपाईपुरता आणि ब्रिटनपुरता. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा माणूस वकिलातीतला की कॉन्सुलेटमधला, हे आधी बघा. अटक होईल की विमान पकडेल, याचा अंदाज बराचसा तिथेच येतो.