ऊन पडल्यावर बंद होणाऱ्या तक्रारी

जुलैअखेर कार्यालयात आलेली बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत. पाऊस लागला की ब्रॉडबँड अडखळते. ग्राहक तक्रार नोंदवतो, एमएसओचा माणूस दुसऱ्या दिवशी उघडीप बघून येतो, मोडेमपाशी मीटर लावतो, लेव्हल बरोबर दाखवतो आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद करतो. संध्याकाळी पुन्हा सर येते आणि त्याच घराची तक्रार नव्या क्रमांकाने उघडते. ठाणे जिल्ह्यातल्या एका सभासदाने एकाच इमारतीच्या अशा तक्रारींची चळत आमच्याकडे पाठवली आहे. प्रत्येक तक्रारीवर शेरा तोच. मधल्या काळात दोन घरांचे मोडेम बदलले, ते दोन्ही जुने मोडेम दुसरीकडे विनातक्रार चालू आहेत, आणि तक्रारी ठरलेल्या मुदतीत मिटल्या नाहीत म्हणून दंड मात्र ऑपरेटरच्या हिश्श्यातून कापला गेला.

या चळतीतला तपासणीचा छापील तक्ता आम्ही नीट वाचला. त्यात ग्राहकाचे नाव आहे, मोडेमचा क्रमांक आहे, डाउनस्ट्रीम लेव्हलचा रकाना आहे. अपस्ट्रीमचा रकानाच नाही. पाऊस चालू होता की नव्हता, हे लिहायला जागा नाही. कोएक्सवर पावसाळ्यात येणारा बहुतेक त्रास परतीच्या वाटेवर असतो, हे या धंद्यात वर्षभर काढलेल्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही ज्या बाजूला दोष नाही तीच बाजू, ज्या वेळी दोष नसतो त्याच वेळी मोजायची आणि दंड ऑपरेटरला लावायचा, ही पद्धत संतापजनक आहे.

या सभासदाने पुढे जे केले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. त्याने पावसात पोलवर माणूस चढवला नाही. भर पावसात चार ग्राहकांच्या घरी बसून मोडेमचे पान उघडले आणि आकडे टिपले. लॉगमध्ये `Started Unicast Maintenance Ranging - No Response received - T3 time-out` या ओळी एकाखाली एक होत्या. मोडेमची हाक सीएमटीएसपर्यंत पोहोचत नव्हती किंवा पोहोचूनही गोंगाटात कळत नव्हती. अशा सोळा हाका सलग वाया गेल्या की मोडेम पुन्हा पहिल्यापासून जोडणी सुरू करतो, आणि ग्राहक म्हणतो, नेट गेले. डाउनस्ट्रीम मात्र चारही घरांत उत्तम होते. मोडेमची ट्रान्समिट पॉवर कोरड्या दिवशी ४४ डीबीएमव्ही होती, पावसातही ४५च्या पुढे गेली नाही.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. एखाद्याच घराच्या ड्रॉप वायरमध्ये पाणी शिरले असते, तर त्या घराची ट्रान्समिट पॉवर चढली असती. फोम पॉलिथिलीनचा परावैद्युत स्थिरांक दीडच्या आसपास असतो, पाण्याचा ऐंशीच्या घरात. वायरच्या पोटात पाणी बसले की इंपिडन्स ७५ ओहमवर राहत नाही, सिग्नल वाटेत मरतो, आणि तो भरून काढायला मोडेम जोर लावतो. डाउनस्ट्रीममध्येही वरचे चॅनेल खालच्यांपेक्षा जास्त पडतात. यातले काहीच इथे दिसत नव्हते. सिग्नल मरत नव्हता, गोंगाट वाढत होता, आणि तोही चारही घरांना एकाच वेळी. म्हणजे कुठून तरी बाहेरचा आवाज शिरून नोडवर गोळा होत होता. परतीच्या वाटेवर सगळ्या घरांचे तोंड नोडकडे असते, त्यामुळे एका जागची गळती सगळ्यांच्या वाट्याला येते.

एमएसओकडे खूप विनवण्या केल्यावर त्याला नोडच्या अपस्ट्रीम एसएनआरचा आलेख मिळाला. कोरड्या दिवशी ३२ डीबी, सरीबरोबर घसरून २२, पाऊस थांबल्यावर दोनेक तासांत पुन्हा ३०च्या वर. हा आकडा पंचविशीच्या खाली उतरला की ६४-क्वाम डळमळू लागते. हा आलेख पहिल्या तक्रारीच्या दिवशीही त्यांच्याकडे होता. तो तेव्हाच दिला असता तर दोन्ही मोडेम जागेवरच राहिले असते.

पुढच्या दिवशी सर ओसरताच, वायरची जाळी अजून ओली असताना, त्याने अँप्लिफायर उघडला. तीन लेगपैकी एकेकीच्या परतीच्या वाटेवर काही सेकंद ६ डीबीचा पॅड लावायचा आणि फोनवर दुसऱ्या माणसाकडून एसएनआर विचारायचा, एवढीच युक्ती. लेग तोडायची नाही, कुणाचे नेट बंद पडत नाही. पहिल्या दोन लेगना काही फरक पडला नाही. तिसरीला पॅड लागताच गोंगाट उतरला. तिथून टॅपमागून टॅप शोधत तो एका गच्चीच्या कठड्यावरच्या आठ तोंडांच्या टॅपवर पोहोचला. पाच तोंडांवर चालू कनेक्शन होते, दोन रिकामी होती, टर्मिनेटर नव्हते. आठव्या तोंडावर केव्हाच बंद झालेल्या ग्राहकाची वायर होती. खिडकीपाशी कापून तशीच सोडलेली, पन्हाळीखाली लोंबणारी.

दोष त्या वायरीचा होता. उघडे टोक म्हणजे शॉर्टवेव्हपासून शेजारच्या पंपाच्या मोटारीपर्यंत सगळे खेचून घेणारा अँटेना. कोरड्या दिवसांत टॅपजवळचा कनेक्टर जाळीला जेमतेम पकडून होता, म्हणून शिरकाव थोडा होता. पाऊस आला की समईच्या वातीत तेल चढावे तसे पाणी वेणीच्या तारांतून सरकत कनेक्टरपर्यंत येई, काळवंडलेल्या अ‍ॅल्युमिनियमवरचा संपर्क तुटे, आणि शील्ड नावापुरती उरे. वायर काढून तिन्ही तोंडांवर ७५ ओहमचे टर्मिनेटर बसवले, टॅपच्या झाकणाची चेपलेली गॅस्केट बदलली. पुढच्या मुसळधार पावसात एसएनआर ३०च्या खाली आला नाही. खर्च काही टर्मिनेटर आणि एक गॅस्केट.

एमएसओवर राग काढून झाल्यावर सभासदांशीही बोलले पाहिजे. ती वायर एमएसओने लोंबत सोडलेली नव्हती. कनेक्शन तोडताना टॅपवर चढायचा कंटाळा आपल्याच माणसांनी केला. अशा वायरी प्रत्येक गल्लीत आहेत, आणि महापालिकेची माणसे पावसाळ्यापूर्वी केबल छाटून जातात तेव्हा त्यांत आणखी भर पडते. पावसाळ्यात रस्ता खोदायला बंदी असते, त्यामुळे जमिनीखालून नेऊ असे म्हणून सुटका नाही. या चार महिन्यांत जे आहे ते डोक्यावरच आहे.

दुसरा रोग गच्चीवरच्या प्लॅस्टिक बॉक्सचा. आत घरगुती स्प्लिटर कोंबायचे, वायरी वरच्या बाजूने आत घ्यायच्या आणि पाणी शिरले की चारही बाजूंनी सिलिकॉन फासायचे. पेटी अशी पूर्ण बंद होत नाही. उन्हात तापलेली आतली हवा सरीबरोबर एकदम थंड होऊन आक्रसते आणि फटीफटीतून दमट हवा आत ओढते. तिचे पाणी आतच जमते, आणि खालचे भोक सिलिकॉनने बुजवलेले असल्याने ते बाहेर पडायला वाट नसते. वायरी खालूनच आत घ्या, पेटीपाशी येण्याआधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथे गळतील, आणि तळाचे भोक उघडे ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर कनेक्टरच्या जवळही नेऊ नका. सुकताना त्यातून सुटणारे आम्ल तांबे आणि पितळ खाते. कनेक्टरवर ताणून चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळत न्यावी, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो. साधी इन्सुलेशन टेप पहिल्या उन्हात सुटते आणि नंतर पाणी धरून ठेवते.

ओली वायर दोन बोटांएवढीच कापून नवा कनेक्टर ठोकायचा, हेही बंद करा. जाळी चकचकीत दिसेपर्यंत मागे जा. दोन मीटर जाऊनही काळीच निघाली तर आख्खा ड्रॉप बदला, कारण काळी जाळी सुकवून पुन्हा पांढरी होत नाही. किनारपट्टीच्या सभासदांना हे अधिक लागू आहे. उन्हाळाभर बसलेले मीठ मृगाच्या पहिल्या सरीत विरघळून कनेक्टरमध्ये शिरते. उघड्यावर काळ्या पॉलिथिलीन आवरणाची, जेल भरलेली वायर घ्या. पांढरी पीव्हीसी वायर आतल्या खोल्यांसाठी आहे, उन्हात ती तडकतेच.

फायबरवर गेलेल्या सभासदांना हा सगळा प्रपंच जुना वाटत असेल. काचेतून बाहेरचा गोंगाट शिरत नाही हे खरे. पण त्यांच्याही फॅट बॉक्समध्ये पाणी साचते, कनेक्टरच्या तोंडावर ओल आणि धूळ मिळून थर बसतो, आणि ओएनयूची पातळी उणे २२ वरून उणे २७च्या कडेला येते. तिथे तोंड पुसल्याशिवाय नवा पॅचकॉर्ड लावणे म्हणजे दोष पुढे ढकलणे. पेट्या तिथेही उलट्याच बसवल्या जात आहेत.

आता काय करायचे ते. एमएसओंकडे आमच्या मागण्या मोजक्याच आहेत. प्रत्येक नोडचा अपस्ट्रीम एसएनआर, मोडेमची ट्रान्समिट पॉवर आणि दुरुस्त न झालेले कोडवर्ड ऑपरेटरला फक्त पाहता येतील अशी सोय द्या. आकडे तुमच्या सीएमटीएसमध्ये पडून आहेत, दाखवायला नवे यंत्र लागत नाही. आणि ज्या तक्रारीच्या वेळी अपस्ट्रीम मोजला नाही, ती ‘दोष आढळला नाही’ म्हणून बंद करू नका, तिचा दंड लावू नका.

या मागण्या नुसत्या निवेदनाने मान्य होणार नाहीत. सभासदांनो, पुरावा द्या. पुढच्या सरीत आपल्या एका नोडवरच्या तीन-चार घरांत बसा, पोलवर कुणाला चढवू नका. मोडेमच्या पानावरचे डाउनस्ट्रीम, ट्रान्समिट पॉवर आणि लॉग यांचे छायाचित्र घ्या. कोरड्या दिवशी त्याच घरांत पुन्हा घ्या. दोन्हींवर तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक लिहा. त्याआधी आपल्या टॅपवरची उघडी तोंडे आणि लोंबत्या वायरी काढून टाका, नाहीतर तेच छायाचित्र आपल्याविरुद्ध जाईल. गणपतीच्या आधी ही कागदपत्रे कार्यालयात पोहोचली, तर ती घेऊन एमएसओंच्या दारात जायची तयारी आम्ही ठेवली आहे.