पाच मिनिटांची परवानगी

सांगलीतील एका कापडदुकानात साड्यांच्या विभागात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणीने एका रात्री आपल्या व्यवस्थापकांना मोबाइलवर संदेश पाठविला. त्याआधी तिने लिहिलेला पहिला मसुदा एवढाच होता: ‘माझी तब्येत अधूनमधून बरी नसते, तरी मध्ये मध्ये थोडी सवलत मिळावी.’ लग्नसराईच्या तोंडावर असा मजकूर वाचणाऱ्याला ती दांड्यांची पूर्वसूचना वाटली असती. तिने तो पुसला आणि दुसरा लिहावयास घेतला.

तिला शाळेत असतानाच टाइप १ मधुमेह झाला होता. या प्रकारात शरीर स्वतःचे इन्शुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. ते रोज प्रत्येक जेवणापूर्वी टोचून घ्यावे लागते. किती घ्यावे हे त्या क्षणीच्या साखरेवरून आणि पुढ्यातील ताटावरून ठरते, म्हणून तपासणी चुकली की मात्राही चुकते. दुकानात दोन वर्षे तिने हे कोणास कळू दिले नव्हते. घरी तिच्या लग्नाचे पाहात होते, आणि ‘मुलीला साखर आहे’ ही बातमी पेठेत साडीच्या घडीपेक्षा लवकर उलगडते. त्यामुळे ती मागच्या कोठारात, कापडाच्या गठ्ठ्यांआड उभी राहून घाईघाईने बोट टोचीत असे.

आदल्या आठवड्यात ही लपवाछपवी अंगाशी आली. एका कुटुंबाचा बस्ता बांधून झाला होता आणि त्यांनी आनंदाने सर्वांना पेढे वाटले. तिने पेढा खाल्ला नाही, पण हातात घेऊन शेजारणीला दिला. दीड वाजता ती कोठारात गेली. तेथे नळ नाही. तशाच बोटातून थेंब काढला, तर यंत्राने २७४ हा आकडा दाखविला. एरवी जेवणापूर्वी तिची साखर १३० च्या आसपास असे. तिने जेवणाच्या मात्रेत आणखी तीन युनिट इन्शुलिन वाढविले. वास्तविक तो आकडा तिच्या रक्ताचा नव्हताच; बोटावर राहिलेली पेढ्याची साखर थेंबात मिसळली होती. तपासणीची पट्टी रक्ताचा इतका लहान थेंब घेते, की बोटावरील गोडाचा कणही मोजमाप बिघडवितो.

साडेतीनच्या सुमारास तिचे हात थरथरू लागले, कपाळाला घाम आला. समोर पाच गिऱ्हाइके होती. ‘एवढे आटोपून जाऊ’ असे तिने ठरविले. साखर फार उतरली की विचारही मंदावतो, आणि मंदावलेला विचार आपण ठीक आहोत असे सांगतो. तिने ४,३५० रुपयांच्या साडीचे बिल ३,४५० रुपयांचे केले. व्यवस्थापकांनी चारचौघांत विचारले, तेव्हा तिने उलट उत्तर दिले. उद्धटपणा तिच्या स्वभावात नव्हता. थोड्या वेळाने तपासले तेव्हा साखर ५२ होती.

तिने अखेर पाठविलेला संदेश असा होता:

‘अण्णा, नमस्कार. मला टाइप १ मधुमेह आहे आणि मी इन्शुलिन घेते. काम कमी करा किंवा सुट्टी वाढवा, असे माझे मागणे नाही. रोज तीन वेळा पाच-पाच मिनिटे हवी आहेत: जेवणापूर्वी, चारच्या सुमारास आणि रात्री स्कूटर काढण्यापूर्वी. हात थरथरले किंवा घाम आला तर त्याच क्षणी उठावे लागेल. साखर ७० च्या खाली असेल, तर पंधरा-वीस मिनिटे बसावे लागेल. हे कधी होईल ते आधी सांगता येत नाही. जागा अशी हवी की जेथे हात धुता येतील, उजेड असेल आणि दार लावता येईल. स्वच्छतागृह नको. सुया मी जाड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवीन, त्या केरात जाणार नाहीत. ही गोष्ट सर्वांस कळू नये, एवढी विनंती. गल्ल्यावरील ताईंना मी स्वतः सांगेन. परवाच्या बिलातील ९०० रुपये माझ्या पगारातून कापावेत. ती चूक साखर उतरल्याने झाली, हेही आपणांस ठाऊक असावे.’

या संदेशास कायद्याच्या कलमाचा आधार नव्हता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे, तिच्यात मधुमेह नाही. म्हणून मजकूर जितका मोजूनमापून तितका उपयोगी. ‘थोडा वेळ’ म्हटले असते तर अण्णांच्या मनात अर्धा तास उभा राहिला असता. अमुक वेळी पाच मिनिटे म्हटल्यावर त्या पाच मिनिटांपुरते कोणाला उभे करावयाचे, एवढाच प्रश्न उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी तिला दुकान उघडण्यापूर्वीच बोलाविले. साड्या नेसून पाहण्याची खोली त्यांनी सुचविली. तेथे दार होते, पण पाणी नव्हते, शिवाय बाहेर नेहमी कोणीतरी वाट पाहात असे. शेवटी माळ्यावरील हिशेबाची खोली ठरली. तेथे हात धुण्याचे भांडे, खुर्ची आणि आतून कडी होती. चारची वेळ मात्र त्यांना अडचणीची वाटली. गर्दी तेव्हाच सुरू होते. ‘पाच वाजता चालेल का?’ असे त्यांनी विचारले. तिने सांगितले की जेवणापूर्वीच्या इन्शुलिनचा जोर पहिल्या दोन-तीन तासांत अधिक असतो, त्यामुळे धोकाही त्याच वेळी. साडेतीन ते चार यांमध्ये कधीही चालेल, पुढे ढकलणे नको. अण्णांनी साडेतीन ठरविले.

त्यांचा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा होता: ‘तू नाही म्हणालीस आणि आम्हांला वेगळे वाटले, तर?’ यासाठीच तिला ताईंची गरज होती. साखर उतरल्याची शंका आली तर ती नको म्हणत असली तरी तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आकडा ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. वर आल्यावर, जेवणास अवकाश असेल तर दोन बिस्किटे. पेढा किंवा लाडू देऊ नये, कारण त्यातील तुपा-खव्याने साखर रक्तात उशिरा पोहोचते. आणि ती शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालयात न्यावे. ताईंनी हे सारे हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, नाव न घालता, लिहून घेतले.

ही व्यवस्था अगदी निर्वेध चालली असे नाही. साडेतीनला ती रोज वर का जाते, असे दोघींनी विचारले. ताईंनी ‘साड्यांचा हिशेब जुळवायला’ म्हणून वेळ मारून नेली. एका रविवारी अण्णा गावाला गेले असता त्यांच्या पुतण्याने तिला गिऱ्हाईक सोडून उठू दिले नाही. तेव्हा गल्ल्यावरून ताई उठल्या आणि न बोलता तिच्या जागी साड्या उलगडू लागल्या. सोमवारी अण्णांनी तिला विचारून मगच पुतण्याला सांगितले, तेही एवढेच: ‘तिची वेळ ठरलेली आहे. तिला अडवायचे नाही.’

९०० रुपयांबद्दल त्यांनी उत्तरात काही लिहिले नव्हते. महिनाअखेरीस पगार पूर्ण आला.