क्रोमबुक पुसलं, तरी वाय-फाय परत आलं

शाळेची संगणक खोली सांभाळणाऱ्यांना जूनमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘सर, वाय-फायचा पासवर्ड काय?’ राउटर बसवणारा केव्हाच निघून गेलेला असतो, चिकटवलेला कागद फाटलेला असतो, आणि कोपऱ्यातलं क्रोमबुक मात्र निमूटपणे जोडलेलं असतं. म्हणजे पासवर्ड त्याला ठाऊक आहे. पण सेटिंग्जमध्ये बघायला गेलं, तर तिथे फक्त ठिपके दिसतात.

यावर मित्रमंडळी एक जुना उपाय सुचवतात: डेव्हलपर मोड चालू करा, शेल उघडा, सिस्टिमची फाइल वाचा. हा उपाय आंधळेपणाने करणारा पस्तावतो. डेव्हलपर मोड चालू करताना क्रोमबुक आतलं सगळं पुसून टाकतं, म्हणजे ज्या पासवर्डसाठी खटाटोप केला तोही त्यातच जातो. शाळेने नोंदवलेल्या यंत्रांवर अ‍ॅडमिनने हा मोड बंद ठेवलेला असू शकतो, ते वेगळंच.

समजा, बारामतीतल्या एका शाळेतल्या बाईंची बदली इंदापूरला झाली. त्यांचं जुनं क्रोमबुक पॉवरवॉश करून दुसऱ्यांना दिलं. इंदापूरला त्यांनी नवं यंत्र घेतलं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून त्याच गूगल खात्याने साइन-इन केलं. थोड्या वेळाने बारामतीच्या शाळेचं नेटवर्क नव्या यंत्राच्या ओळखीच्या नेटवर्कमध्ये येऊन बसलं. यात कुणी चोरी केलेली नाही. २०२० पासून क्रोमओएसमध्ये वाय-फाय सिंक आहे. ती चालू असली तर एका क्रोमबुकवर जोडलेलं नेटवर्क पासवर्डसकट त्याच खात्याच्या दुसऱ्या क्रोमबुकवर पोचतं. २०२१ मध्ये तिला अँड्रॉइड फोनचीही जोड मिळाली.

या सिंकमुळेच पासवर्ड वाचण्याची एक सरळ वाट उघडते, आणि तिच्यासाठी काही पुसावं लागत नाही. साइन-इन केलेल्या क्रोमबुकवर ब्राउझरमध्ये `chrome://sync-internals` उघडावं आणि वरच्या टॅबमधला Sync Node Browser निवडावा. डाव्या यादीतल्या वाय-फायच्या फोल्डरमध्ये एकेक नेटवर्क दिसतं. त्यावर क्लिक करून उजवीकडच्या मजकुरात `passphrase` ही ओळ शोधावी. तिथलं अक्षरांचं कडबोळं हा बेस६४ मधला पासवर्ड असतो. हे कूट नव्हे, फक्त लिहिण्याची वेगळी पद्धत आहे. म्हणून तो उलगडायला परक्या संकेतस्थळावर चिकटवू नये. Ctrl+Shift+J दाबून कन्सोल उघडावा आणि तिथेच विचारावं:

```
atob("S2FuZGFAMjAyNA==")
```

उत्तर येतं `Kanda@2024`. (नमुना आमचा. असा पासवर्ड खरोखर ठेवणाऱ्यांशी वाद नाही, पण तो बदलावा.) नेटवर्कचं नावही याच रूपात असतं आणि त्याच्या आत आणखी हेक्स असतं. त्यामुळे नावावरून बरोबर नोंद ओळखायला थोडा वेळ लागतो.

फोल्डर रिकामा दिसला, तर आधी सेटिंग्जमधल्या सिंकच्या यादीत वाय-फाय चालू आहे का ते पाहावं. ते चालू असूनही नेटवर्क दिसत नसेल, तर नेटवर्कचा प्रकार तपासावा. एकच सामाईक पासवर्ड असलेली, वापरणाऱ्याने स्वतः जोडलेली नेटवर्क सिंक होतात. प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड देणारी महाविद्यालयांची एंटरप्राइझ नेटवर्क यात येत नाहीत. अ‍ॅडमिन कन्सोलमधून धोरण म्हणून पाठवलेली नेटवर्कही येत नाहीत. शाळेच्या खात्यावर हे पानच अडवलेलं असेल, तर अ‍ॅडमिनलाच विचारावं लागतं. आणि हाताशी त्याच वाय-फायला जोडलेला अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन असेल, तर एवढी यातायात करूच नये. नेटवर्कच्या पानावर शेअर दाबून स्क्रीन-लॉक दिलं की क्यूआर कोड येतो, आणि बहुतेक फोनवर त्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो.

आता बाईंच्या उदाहरणाची दुसरी बाजू. बारामतीचा पासवर्ड त्यांच्या खात्यात राहिला आहे, आणि त्यांचं यंत्र परत घेऊन तो परत मिळत नाही. सिंकमधली ही माहिती साठवताना कूटबद्ध केलेली असते, पण खात्यात शिरलेल्या माणसापुढे ती उघडीच असते, हे वरच्या पायऱ्यांवरून दिसलंच. एखादी व्यक्ती शाळा सोडून गेली आणि तिचा प्रवेश खरोखर बंद करायचा असेल, तर राउटरवर पासवर्ड बदलावा. एका यंत्रावर ‘फर्गेट’ दाबून निश्चिंत होऊ नये.

सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे संगणक खोलीसाठी काढलेलं एकच सामाईक खातं, ज्याचा पासवर्ड सगळ्या वर्गाला पाठ असतो. मुख्याध्यापकांच्या खोलीतलं वाय-फाय त्या खात्यावरून एकदा जोडलं आणि सिंक चालू असली, तर ते वर्गातल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचू शकतं. ज्यांच्याकडे असं खातं आहे, त्यांनी आज त्याच खात्याने साइन-इन करून वरचं पान उघडावं आणि यादीत कोणकोणती नेटवर्क आहेत ते मोजावं.